स्थिर फोटोतली खोली : पॅरॅलॅक्सबद्दलचे चार गैरसमज

मुंबई-बंगळुरू महामार्गालगतच्या ताथवड्याचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. पुढे तीन मीटरवर फळांच्या हातगाडीशेजारी उभी असलेली बाई, साधारण साठ मीटरवर बांधकाम चालू असलेली इमारत आणि सहा किलोमीटरवर डोंगरांची रेघ. असा फोटो पुढचा, मधला आणि मागचा अशा तीन थरांत कापून ते थर वेगवेगळ्या वेगाने सरकवले, की स्थिर चित्राला खोली येते. रॉबर्ट इव्हान्स या हॉलिवूडच्या निर्मात्यावरच्या २००२ सालच्या ‘द किड स्टेज इन द पिक्चर’ या माहितीपटाने जुन्या फोटोंसाठी ही पद्धत गाजवली. लग्नाच्या आणि घरगुती व्हिडिओंतही ती आता दिसते. मात्र तिच्याबद्दल काही चुकीच्या समजुती पक्क्या झाल्या आहेत.

गैरसमज : पॅरॅलॅक्स म्हणजे फोटोवरचा संथ झूमच.

वस्तुस्थिती : झूममध्ये अख्खा फोटो एकसाथ मोठा होतो. बाईच्या खांद्यामागे इमारतीची जी खिडकी दिसत होती, तीच शेवटपर्यंत दिसते. पॅरॅलॅक्समध्ये बाई सरकते आणि खांद्याआड लपलेली खिडकी हळूहळू बाहेर येते. एका वस्तूने दुसरीला झाकणं आणि उघडं करणं यावरूनच डोळा अंतर ओळखतो. डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात मल्टिप्लेन कॅमेऱ्याने हेच साधलं होतं. त्यात चित्रं एकाखाली एक, अंतर ठेवून मांडलेली असत.

गैरसमज : तिन्ही थर भरपूर हलवले, की परिणाम जास्त.

वस्तुस्थिती : कॅमेरा बाजूला सरकला की वस्तू किती हलेल, हे तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठरतं. अंतर वीसपट, तर हालचाल विसावा हिस्सा. आपला फोटो मोबाइलच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याने काढलाय आणि व्हिडिओ १९२० पिक्सेल रुंद आहे असं धरू. कॅमेरा दहा सेंटिमीटर सरकला, तर बाई सुमारे ४६ पिक्सेल हलेल, इमारत जेमतेम दोन आणि डोंगर एक पिक्सेलही नाही. म्हणून डोंगर जागीच ठेवायचे. इमारतीला नजरेत भरण्यापुरती, म्हणजे दहा पिक्सेलची सूट दिली तरी डोळा तक्रार करत नाही. इमारतही बाईइतकीच पळू लागली, तर दोघी एकाच कागदावर छापल्यासारख्या दिसतात.

हीच हालचाल सहा सेकंदांत पसरली, तर सेकंदाला २५ चौकटी धरून पुढचा थर एका चौकटीत पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच सरकतो. सॉफ्टवेअर पूर्ण पिक्सेलवरच थांबत असेल, तर बाई बारीक धक्के खात पुढे जाते. असे धक्के दिसले तर पिक्सेलच्या अंशाने सरकण्याची सोय चालू आहे का, हे आधी पाहावं.

गैरसमज : बाई कापून काढली, की मागचा अख्खा भाग नव्याने रंगवावा लागतो.

वस्तुस्थिती : बाई ४६ आणि इमारत दहा पिक्सेल, दोन्ही एकाच दिशेने सरकतात. म्हणजे फरक ३६ पिक्सेलचा. बाईच्या कडेलगतचा तेवढाच पट्टा उघडा पडतो. कड किंचित मऊ करायची असल्याने साठेक पिक्सेल भरले तर पुरे. क्लोन टूलने शेजारचीच भिंत आणि खिडक्या तिथे उतरवता येतात. हे काम राहिलं, तर खालच्या थरातली मूळ बाई वरच्या बाईमागून डोकावते आणि एकीच्या दोन कडा दिसतात.

गैरसमज : बाह्यरेखा बिनचूक कापली, की काम झालं.

वस्तुस्थिती : सर्वात जास्त चुका पायांशी होतात. बाई सरकते, पण तिच्या पायाखालचा रस्ता मधल्या थरात राहतो. मग ती बर्फावरून घसरल्यासारखी दिसते. रस्ता एका अंतरावर नसतो, तो कॅमेऱ्यापाशी सुरू होऊन इमारतीपर्यंत जातो. म्हणून पायाजवळची जमीन आणि बाईची सावली पुढच्या थरातच ठेवावी. त्या जमिनीची वरची कड रुंद पट्ट्यात हळूहळू पारदर्शक करावी, म्हणजे दोन वेगांमधला सांधा दिसत नाही. फोटो कमरेपर्यंतचाच असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

काही फोटो मात्र या पद्धतीला दाद देत नाहीत. वाऱ्यावर उडणारे केस, विजेच्या तारा, काचेतून दिसणारं दृश्य यांना स्वच्छ कड नसते. गर्दीत माणसं एका ओळीत नसून सगळ्या अंतरांवर विखुरलेली असतात, त्यामुळे तीन थर अपुरे पडतात. असा फोटो हाती आला, तर कापाकापीऐवजी साधा संथ झूमच द्यावा.