माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट : तुमचा मोबाइल नंबर नेमका कुणाला दिसणार?

नांदेड/लातूर : दिवाळीची सुटी जवळ आली की जुन्या बॅचच्या स्नेहमेळाव्यांची जुळवाजुळव सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव, मोबाइल आणि पत्त्यांची एक्सेल यादी फिरते. मग कुणीतरी सुचवते, 'आपल्या संघाची वेबसाइटच करू.' आणि तीच यादी जशीच्या तशी वेबसाइटवर चढते. चूक इथेच होते.

यादी थेट का चढवू नये?
मेळाव्यासाठी दिलेला नंबर मेळाव्यापुरताच असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती ज्या कामासाठी घेतली त्यापुरतीच ती चालते. शिवाय ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे हवे. म्हणून सुरुवातीला फक्त नाव, बॅच आणि शाखा घ्यावी. बाकीचे रकाने सदस्याने लॉगिन करून स्वतः भरावेत.

नंबर कुणाला दिसावा?
प्रत्येक रकान्यासमोर तीन पर्याय द्यावेत : फक्त मी, माझी बॅच, सर्व सदस्य. सदस्याने काहीच निवडले नाही, तर 'फक्त मी' हाच पर्याय लागू राहावा.

समजा, विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून १९९५ मध्ये बाहेर पडलेल्या एक ताई आज लातूरला राहतात. कॉलेजच्या नोंदीत माहेरचे नाव, आता सासरचे. मैत्रिणी माहेरच्याच नावाने शोधणार, म्हणून दोन्ही नावांचे रकाने हवेत. मात्र ताईंना नंबर द्यायचा नाही. अशा वेळी 'संदेश पाठवा' हे बटण कामी येते. वेबसाइट तो संदेश त्यांच्या ईमेलवर पोहोचवते. उत्तर द्यायचे की नाही, हे त्या ठरवतात.

लपवलेले खरेच लपते का?
अनेकदा नंबर पानावर दिसत नाही, पण सर्व्हर तो ब्राउझरकडे पाठवतच असतो. तपासायला दुसऱ्या बॅचच्या सदस्याच्या लॉगिनने ताईंचे प्रोफाइल उघडा. ब्राउझरच्या `Inspect` मधील `Network` टॅब सुरू ठेवून पान पुन्हा लोड करा आणि आलेल्या उत्तरांत नंबर शोधा. सापडला, तर तो लपलेलाच नाही. हा रकाना सर्व्हरवरच गाळला पाहिजे.

दुसरी तपासणी लॉगआउट करून करा. पत्ता `/member/101` असेल, तर `102` टाकून पाहा. माहिती उघडली, तर एखादा छोटा प्रोग्राम सगळी यादी उचलू शकतो.

कार्यक्रमाच्या पानावर काय?
तारीख, ठिकाण आणि शुल्क सर्वांना दिसू द्या. येणाऱ्यांची नावे मात्र लॉगिननंतरच, तीही ज्यांनी होकार दिला त्यांचीच. त्या दिवशी कोण घराबाहेर असेल, हे त्या यादीतून कुणालाही कळते.

एक मर्यादा उरतेच. ज्याला नंबर दिसतो, तो स्क्रीनशॉट काढू शकतो. त्यामुळे नवा सदस्य खरोखर त्याच बॅचचा आहे ना, याची खात्री बॅचमधल्या दोघांनी केल्याशिवाय त्याला प्रवेश देऊ नये.