चमचाभर मध, चमचाभर साखर

माझी थोरली बहीण वाईला राहते. गेली अकरा वर्षे तिला मधुमेह आहे. दीड वर्षापूर्वी तिने साखर सोडली आणि मध धरला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि एक मोठा चमचा मध, असा नेम. चहा बिनसाखरेचा. "अरे, मध म्हणजे काही साखर नव्हे, ते औषध आहे," असे ती मला अनेकदा ऐकवत असे. पुढच्या तीन महिन्यांच्या तपासणीत तिच्या सरासरी साखरेचा आकडा कमी होण्याऐवजी थोडा वरच सरकला. त्याला दुसरीही कारणे होती, दिवाळीचा फराळ त्यांपैकीच एक. पण मला त्या चमच्याची उत्सुकता वाटू लागली आणि तिथून हा शोध सुरू झाला.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या काट्यावर केली. ताईचा तो 'एक चमचा' भरून तोलला तर मध 21 ग्रॅम भरला. मध पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो आणि चमच्याबाहेर फुगीरही राहतो, त्यामुळे डोळ्यांना तो थोडा वाटतो. यात पाणी शेकडा 17 ते 20 आणि उरलेला बहुतेक भाग शर्करा. म्हणजे ताईच्या पोटात रोज सकाळी साधारण 17 ग्रॅम शर्करा जात होती. आधी ती दोन कप चहात मिळून दोन छोटे चमचे साखर घेत असे. ते चमचे शीग भरून असत, तरी फार तर 10 ग्रॅम. साखर सोडून तिने शर्करा वाढवली होती, आणि हे तिला सांगणे मला चांगलेच जड गेले.

पण वजनाचा घोळ बाजूला ठेवला, तरी खरा प्रश्न उरतोच. सारख्या वजनाच्या शर्करेत मध आणि साखर यांत फरक असतो का? असला तर कुठे?

याचे उत्तर मधमाशीच्या पोटात आहे. फुलातला मकरंद म्हणजे पातळ साखरपाणीच. त्यात बहुतांश सुक्रोज असते, उसातून काढून आपण डब्यात भरतो तेच. सुक्रोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले. आपल्याकडची जुनी पुस्तके यांना द्राक्षशर्करा आणि फलशर्करा म्हणत. माशी मकरंद आपल्या मधुपिशवीत घेऊन येते आणि पोळ्यातल्या माश्या तो तोंडातून तोंडात फिरवतात. त्या वेळी त्यांच्या लाळेतले इन्व्हर्टेज नावाचे विकर हा जोड तोडत राहते. मग पंखांच्या वाऱ्याने पाणी उडवून तो घट्ट केला जातो. तयार मधात सुक्रोज जेमतेम शेकडा एक-दोन उरते. फ्रुक्टोज साधारण 38 आणि ग्लुकोज 31 असते, आणि सात-आठ भाग माल्टोज, म्हणजे ग्लुकोजचीच जोडी. बाकी किंचित आम्ले, खनिजे, परागकण आणि सुगंध.

एक अपवाद सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तो आपल्या सह्याद्रीचा आहे. आपल्या देशाच्या अन्नमानकांनुसार मधात शेकडा पाचपेक्षा जास्त सुक्रोज असू नये. पण सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या मधाला दहापर्यंत सूट दिलेली आहे. महाबळेश्वरच्या रानातले एक झुडूप सरकारी नियमात स्वतःची ओळ मिळवून बसले आहे, याचे मला कौतुक वाटते.

आता हिशोब करू. 100 ग्रॅम मधातल्या सुमारे 80 ग्रॅम शर्करेपैकी फ्रुक्टोज 38-39, म्हणजे निम्म्याला किंचित कमी. उरलेले ग्लुकोज आणि पचनात ग्लुकोज होणारी माल्टोजसारखी शर्करा. साखरेत दोन्ही बरोबर निम्मी निम्मी. म्हणजे मध ही माशीने आधीच फोडून ठेवलेली साखर आहे. आपण साखर खातो तेव्हा तेच काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे विकर करते, आणि निरोगी माणसात ते फार झपाट्याने होते. दोन्हींचा रक्तावर होणारा परिणाम जवळपास सारखा असावा, असे या आकड्यांवरूनच दिसते.

मग मध जास्त गोड का लागतो? याचे श्रेय फ्रुक्टोजचे. साखरेची गोडी 100 धरली तर ग्लुकोजची 70 ते 75 आणि थंड फ्रुक्टोजची 120 च्या वर. पण फ्रुक्टोजचा स्वभाव विचित्र आहे. पाण्यात त्याचे रेणू अनेक रूपांत असतात आणि त्यांतले एकच रूप खूप गोड असते. थंडीत या रूपाचे प्रमाण जास्त. द्रव तापला की रेणू दुसऱ्या, फिक्या रूपांत जातात. साधारण 40 अंशांच्या वर फ्रुक्टोज साखरेपेक्षा अधिक गोड राहत नाही, उकळत्या चहात तर कमीच पडते. म्हणून गरम चहात मध घालणारा माणूस नकळत जास्त घालतो. हाच मध थंड ताकात किंवा दह्यात घातला तर कमी पुरतो. चमच्याने बचत करायची असेल तर मध थंड पदार्थात वापरावा. त्यातही मधातल्या पाण्यामुळे 20 ग्रॅम मधात 16 ग्रॅमच शर्करा आहे, हे विसरू नये.

रक्तातल्या परिणामाचे मोजमाप 1981 मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी मांडलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकाने होते. पद्धत साधी आहे. रात्रभर उपाशी असलेल्या साधारण दहा निरोगी माणसांना 50 ग्रॅम पचणारी कर्बोदके मिळतील इतका पदार्थ देतात. मधाच्या बाबतीत तो 60 ग्रॅमच्या वर जातो. मग दोन तास ठराविक अंतराने बोटातून रक्त घेऊन ग्लुकोज मोजतात आणि वाढीचा आलेख काढतात. आलेखाखालच्या क्षेत्राची शुद्ध ग्लुकोजच्या आलेखाशी तुलना होते आणि ग्लुकोजला 100 धरतात. साखरेला साधारण 65 मिळतात, शुद्ध फ्रुक्टोजला फक्त 15 ते 20. फ्रुक्टोज यकृताकडे जाते, रक्तातल्या ग्लुकोजमध्ये ते फारसे दिसत नाही. ते निर्दोष असते असा मात्र याचा अर्थ नाही. जास्त झाले की यकृत त्याची चरबी करते.

मधाचा आकडा एकच नाही. 2002 साली सिडनीच्या संशोधकांनी जगभरच्या चाचण्यांची जी मोठी सारणी प्रसिद्ध केली, तिच्यात रॉबिनियाच्या फुलांच्या रोमानियन मधाला 32 आणि कॅनडातल्या एका मधाला 87 मिळालेले आहेत. सरासरी साठच्या खाली-वर. फरक मुख्यतः फुलांचा: ज्या मकरंदातून फ्रुक्टोज जास्त येते, तो मध रक्तात हळू चढतो.

बाटली पाहून हे कळते का? अंदाज येतो. मधात रवाळपणा येतो तो ग्लुकोजचा. फ्रुक्टोज पाण्यात विरघळून राहते. म्हणून उत्तरेकडचा मोहरीचा मध काही आठवड्यांतच गोठतो आणि रॉबिनियाचा मध वर्षानुवर्षे वाहता राहतो. आपल्याकडे रवाळ मध दिसला की 'साखर घातली' असा आरोप होतो. तो बहुधा चुकीचा असतो, ग्लुकोजची टक्केवारी वाढलेली असते इतकेच. उलट तांदळाच्या पाकाची भेसळ असलेला मध कधी न गोठता तुमच्या टेबलावर दिमाखात उभा राहू शकतो. पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवणे वगैरे घरगुती चाचण्यांनी ही भेसळ कळत नाही.

रुग्णांवरचे निष्कर्षही साधारण हेच सांगतात. तेहरानमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 48 मधुमेही व्यक्तींपैकी एका गटाला आठ आठवडे मध दिला. त्यांचे वजन थोडे कमी झाले, पण तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा वाढला. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात 2015 साली मध, साखर आणि मक्याचा पाक यांतून प्रत्येकी रोज 50 ग्रॅम शर्करा दोन-दोन आठवडे देऊन पाहिली. रक्तातल्या ग्लुकोजच्या मापांत तिन्हींमध्ये फरक दिसला नाही, आणि रक्तातली चरबी तिन्हींनी वाढवली. जागतिक आरोग्य संघटना मधाला साखरेच्याच यादीत, 'मुक्त शर्करा' म्हणून मोजते, ते उगाच नाही.

ताईला हे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे माझा मध आणि तुझी साखर एकच, असं म्हण ना." मीही तेच म्हणालो असतो, जर गेल्या आषाढीची संध्याकाळ घडली नसती.

त्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे फराळाआधी गोळ्या घेतल्या, पण पाहुणे आले आणि फराळ लांबला. सात वाजता तिला घाम फुटला, हात थरथरू लागले. यंत्रावर आकडा 58. मी तत्परतेने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी आकडा 61. घाम तसाच. घाबरून तिच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळीत व्होग्लिबोज आहे ना? मग साखर नका देऊ. ग्लुकोजची पूड द्या, नसेल तर मध."

घरात पूड नव्हती. ताईचा तो मध होता. दोन मोठे चमचे दिले, वर एक कप दूध. वीस मिनिटांनी आकडा 92 झाला आणि ती नीट बोलू लागली.

कारण वरच्याच रचनेत आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे आतड्यातल्या त्याच विकराला अडवतात, जे साखरेचा जोड तोडते. जेवणानंतरचा उसळा कमी व्हावा म्हणून ती देतात. पण साखर खाली गेली असताना अडवलेली साखर रक्तात पोचायलाच उशीर लावते. साबुदाणा, बिस्किटे यांचेही तेच. मध मात्र माशीने आधीच फोडलेला आहे. त्यातल्या मोकळ्या ग्लुकोजला कुणाची वाट पाहावी लागत नाही. दोन मोठ्या चमच्यांत ते सुमारे 13 ग्रॅम असते, म्हणजे अशा वेळी सांगितलेल्या 15 ग्रॅमच्या जवळ. दुधातली साखर दुसरेच विकर फोडते, त्यावर या औषधाचा परिणाम होत नाही, म्हणून दूधही चालते. शुद्ध ग्लुकोजची पूड मात्र सगळ्यांत खात्रीची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता ताईच्या सकाळच्या पाण्यात नुसते लिंबू असते. मधाची बाटली औषधांच्या डब्याशेजारी आहे, तिच्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: आकडा सत्तरच्या खाली असेल तरच. शेजारी ग्लुकोजच्या पुडीचा डबा आहे. तिच्या पुढच्या तपासणीची तारीख कार्तिकात आहे.