पाणी खाली पाठवून पाणी वर आणणारा पंप

कोकणात जांभ्यात खणलेल्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात हाताला लागेल इतकं वर असतं आणि मे महिन्यात नऊ-दहा मीटर खाली जातं. काठावरचा साधा मोनोब्लॉक तेव्हा फिरतो, आवाज करतो, पण पाणी देत नाही. मोटार बिघडलेली नसते. पंप पाणी ओढत नाही, तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब फार तर 10.3 मीटर पाणी उचलू शकतो. घर्षण आणि गळती धरता हातात सहा-सात मीटरच पडतात.

इथे इजेक्टर कामी येतो. मोटार आणि पंप काठावरच राहतात. विहिरीत फूटव्हॉल्वच्या वर इजेक्टर बसवतात आणि दोन पाइप खाली सोडतात. पंपाने उपसलेल्या पाण्याचा काही भाग बारीक पाइपातून पुन्हा खाली इजेक्टरकडे जातो. पंपाचा दाब 20 मीटर आणि खाली जाणाऱ्या पाण्याच्या उभ्या स्तंभाचे 10, असे 30 मीटर धरले, तर नोझलच्या बारीक तोंडातून पाणी सेकंदाला सुमारे 24 मीटर वेगाने सुटतं. वेग वाढला की दाब पडतो. झोताभोवती दाब पडताच विहिरीतलं पाणी फूटव्हॉल्वमधून आत शिरतं आणि झोताबरोबर व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यात ओढलं जातं. तिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांत मिसळतं. पुढे नळी हळूहळू रुंद होते, वेग उतरतो आणि त्याचा दाब होतो. हा दाब मिश्रणाला जाड पाइपातून अर्ध्या वाटेपर्यंत पोचवतो. उरलेले चार-पाच मीटर पंपाच्या आवाक्यातले असतात.

पंप सुरू करण्याआधी दोन्ही पाइप आणि पंप पाण्याने पूर्ण भरा आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व जवळजवळ बंद ठेवा. दाबमापकाचा काटा चढला की व्हॉल्व हळूहळू उघडा. जास्त पाण्याच्या आशेने तो एकदम उघडला, तर नोझलला दाब उरत नाही आणि झोत मरतो. काटा कोसळतो, पाणी तुटतं. काटा घसरू लागण्याआधी जिथे टिकतो, तिथेच व्हॉल्व ठेवायचा.

काटा चढलेला आहे पण पाणी येत नाही, तर बहुधा नोझलमध्ये कचरा किंवा वाळू अडकलेली असते. इजेक्टर वर काढून तोंड साफ करावं लागतं. रात्रभर बंद राहिलेला पंप सकाळी पाणी धरत नसेल, तर फूटव्हॉल्वची वॉशर गळते आहे.

या सोयीची किंमत वीजबिलात दिसते. नोझलला पाठवलेलं पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहतं, वर काहीच भर घालत नाही आणि मिसळताना ऊर्जाही वाया जाते. इजेक्टरची स्वतःची कार्यक्षमता साधारण तीस-पस्तीस टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणून उन्हाळ्यातही पाणी सहा मीटरच्या आत राहत असेल, तर दोन पाइपांच्या इजेक्टरवर पैसे घालू नका, साधा मोनोब्लॉकच घ्या.