उष्णोदक कुंडातील अवगाह : तापमान आणि कालमर्यादा

संधिवात, कटिशूल किंवा गृध्रसीचे रुग्ण हिवाळ्यात आपणांस हमखास विचारतात, "वैद्यराज, गरम पाण्याच्या कुंडात बसून आलो तर चालेल का?" आपणही बहुधा "जाऊन या" एवढेच सांगतो. पाणी किती उष्ण असावे आणि किती वेळ बसावे, हे सांगायचे राहून जाते.

कोकणातील झरे एकसारखे नाहीत. राजापूरच्या उन्हाळ्याचे पाणी सुमारे ४२ अंश सेल्सिअस, तुरळचे ६० च्या आसपास, तर दापोली तालुक्यातील उन्हवरे येथील उगमाचे पाणी ७० अंशांच्या जवळपास असते. मात्र हे आकडे उगमाचे होत. रुग्ण बसतो तो कुंडात, आणि तेथील उष्णता पाण्याची आवक, वारा व कुंड केव्हा उपसून पुन्हा भरले यांवर बदलत राहते. झऱ्यातून येणारे बुडबुडे पाहून पाणी उकळत आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो भूगर्भातून येणारा वायू असतो. बुडबुड्यांवरून तापमानाचा अंदाज करू नये.

बाष्पस्वेदाच्या अनुभवावरून कुंडाचा विचार करणे ही आपल्यापैकी अनेकांची चूक होते. पाणी त्वचेला उष्णता फार वेगाने देते. शिवाय बुडालेल्या अंगावरचा घाम सुकू शकत नाही, म्हणून शरीराला थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. ४० अंशांच्या पाण्यातही अंतर्गत तापमान हळूहळू चढत जाते. त्वचेच्या दाहाचे गणित याहून कठोर आहे. ४९ अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत, ५५ अंशांत अर्ध्या मिनिटाच्या आत आणि ६० अंशांत सुमारे ५ सेकंदांत खोल भाजते.

म्हणून मी रुग्णांना पुढीलप्रमाणे सांगतो. ३७ ते ३९ अंशांत १५ ते २० मिनिटे बसावे. ४० ते ४१ मध्ये १० मिनिटे पुरेत. ४२ अंश ही निरोगी, सवय असलेल्या माणसाची सीमा, तीही ३ ते ५ मिनिटांपुरती. त्यापुढील कुंडात उतरूच नये. पाणी काढून निववून घ्यावे. पहिल्या दिवशी वेळ निम्माच ठेवावा.

कुंडाच्या पाण्यासाठी ज्वर मोजण्याचा तापमापक कामाचा नाही. त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते. प्रयोगशाळेतील १०० अंशांपर्यंतचा अल्कोहोल तापमापक घ्यावा. बसण्याच्या जागी, पाणी ढवळून, मिनिटभर बुडवून ठेवावा, आणि पाण्यातच असताना आकडा वाचावा.

माझ्या एका रुग्णाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. वय ५८, बारा वर्षांचा प्रमेह, पायांना सुप्तता. गुडघेदुखीसाठी ते एका कुंडाच्या पायरीवर पाय सोडून अर्धा तास बसले. हाताने चाचपून पाहिले तेव्हा "सोसवेल असे" वाटले होते, पण तो हात दुसऱ्या टोकाला बुडवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तळपायांवर मोठे फोड आले, तोवर वेदना नव्हती. व्रण भरण्यास अडीच महिने लागले. पुढे मी स्वतः जाऊन पाहिले. दूरच्या कोपऱ्यात ४१ अंश होते, पण ते बसले होते त्या पन्हळीखालच्या पायरीजवळ ४८. एकाच कुंडात ७ अंशांचा फरक! मधुमेही हा अस्वेद्य, हे पाठांतरात असूनही त्यांना जाण्यापूर्वी मी पाय तपासले नव्हते, ही माझी चूक.

गर्भिणी, हृद्रोगी, रक्तपित्ती व मद्य घेतलेला यांना कुंड वर्ज्यच. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यास एकदम उभे राहताना भोवळ येते; त्याने काठावर दोन मिनिटे बसून मग उठावे, सोबत माणूस असावा. डोक्यावर उष्णोदक घेणे वाग्भटांनी केस व नेत्रांस अहितकर म्हटले आहे. त्यास आता आणखी एक कारण मिळाले आहे. कोमट-उष्ण गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया हा सूक्ष्मजीव नाकावाटे मेंदूत शिरतो, आणि तो संसर्ग क्वचित असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून बुडी मारू नये.

घड्याळापेक्षा लक्षण मोठे. शीत-शूल शमले, जडपणा गेला की बाहेर यावे, मिनिटे उरली असली तरी. तृष्णा, दाह, छातीत धडधड, अंगसाद ही अतिस्विन्नाची लक्षणे होत. अशा रुग्णास सावलीत आडवे करून पाय किंचित वर ठेवावेत, ओल्या वस्त्राने पुसावे व शुद्धीवर असल्यास साखर-मिठाचे पाणी घोटघोट द्यावे. मूर्च्छा आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर अंग थंड करीतच रुग्णालय गाठावे.

भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप त्यानंतर, आणि फोड फोडू नयेत.