दोघांचा चेंडू, चौघांचा आकडा

रायडर कपच्या २८ गुणांपैकी १६ गुण जोडीने खेळायच्या सामन्यांत असतात: आठ फोरसम्सचे, आठ फोरबॉलचे. शेवटच्या दिवशीचे एकेरी सामने उरलेल्या १२ गुणांसाठी. स्क्रॅम्बलला तिथे जागा नाही, आणि आपल्याकडे कंपनीच्या किंवा देणगीसाठीच्या स्पर्धेत मात्र बहुतेकदा तोच ठेवलेला असतो. नवख्याला त्यात लाज वाटत नाही, हे त्याचं कारण.

आधी फोरबॉल. जोडीतला प्रत्येक जण स्वतःचा चेंडू पहिल्या फटक्यापासून होलपर्यंत खेळतो आणि दोघांपैकी कमी आकडा जोडीचा धरतात. गुंता हँडिकॅपचा. समजा, त्या मैदानावर एकाचा हँडिकॅप १२ आणि दुसऱ्याचा २०. स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येकाला त्याच्या ८५ टक्के मिळतात, म्हणजे १० आणि १७. कार्डावर प्रत्येक होलसमोर १ ते १८ असा स्ट्रोक इंडेक्स छापलेला असतो. सवलतीचे फटके या क्रमाने वाटले जातात. इंडेक्स १४ असलेल्या पार चारच्या होलवर दोघांनीही पाच फटके घेतले, तर पहिल्याला तिथे सवलत नाही, त्याचे पाचच. दुसऱ्याचे पाचातून एक वजा होऊन चार. जोडीचे चार.

जोडीदाराचा आकडा सुधारणं आपल्याला शक्य नाही असं दिसलं, की चेंडू उचलावा. बंकरमध्ये सातवा फटका मारत बसणाऱ्याला मागचे लोक मनातल्या मनात काय म्हणतात, ते इथे छापता येणार नाही. मात्र कार्डावर वजाबाकी न केलेला आकडा, आणि तोही ज्याचा त्याच्या रकान्यात, लिहायला हवा. आकडा कोणाचा हे कळलं नाही, तर नियमांनुसार जोडी बाद होऊ शकते.

फोरसम्समध्ये जोडीला एकच चेंडू, फटके आळीपाळीने. एक जण विषम क्रमांकाच्या होलवर टीवरून सुरुवात करतो, दुसरा सम क्रमांकाच्या. मग मधे कोणीही शेवटचा पट मारलेला असो, पुढच्या टीचा माणूस बदलत नाही. दंडाचा फटकाही पाळी बदलत नाही. तुम्ही टीवरून चेंडू हद्दीबाहेर मारलात, तर एक दंड धरून तिसरा फटका पुन्हा त्याच टीवरून जोडीदाराने मारायचा. मुद्दाम हवेत फटका फिरवून पाळी टाळता येत नाही, तो फटका धरलाच जात नाही. पाळी चुकली तर मॅच प्लेमध्ये होल जातं, स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो आणि चूक दुरुस्त करून खेळावं लागतं. हिशेब मात्र तिन्हींत सोपा: दोघांच्या हँडिकॅपची बेरीज करून निम्मे. आपल्या जोडीला १६. स्ट्रोक प्लेमध्ये ८८ फटके झाले, तर निव्वळ ७२.

स्क्रॅम्बलमध्ये चौघेही टीवरून मारतात, उत्तम चेंडू निवडतात, मग चौघेही तिथून मारतात. होल होईपर्यंत हेच. निवडलेल्या जागी खूण करायची आणि बाकीच्यांनी तिच्या जवळ, आयोजकांनी ठरवलेल्या अंतरात, चेंडू ठेवायचा. होलच्या जवळ सरकायचं नाही, आणि रफमधला चेंडू फेअरवेवर किंवा बंकरमधला बाहेर आणायचा नाही. भांडणं बहुधा इथेच होतात.

चौघांचे हँडिकॅप ८, १२, २० आणि २८ असतील, तर कमीपासून वर जाताना २५, २०, १५ आणि १० टक्के घेण्याची शिफारस आहे. म्हणजे २, २.४, ३ आणि २.८, बेरीज १०.२, संघाला १०. कार्डावर ६३ असतील, तर निव्वळ ५३. हा आकडा पाहून नवखे हुरळतात, पण प्रत्येक जागेवरून चार संधी मिळाल्यावर बर्डींची रांग लागणारच. कित्येक छोट्या स्पर्धांत हँडिकॅपची बेरीज करून सरळ आठवा किंवा दहावा हिस्सा देतात. आपल्या चौघांना मग नऊ किंवा सात मिळतात. तीन फटक्यांचा हा फरक बक्षीस फिरवायला पुरेसा आहे.

दोन बारकावे. प्रत्येकाचे किमान तीन-चार टीचे फटके वापरायची अट बहुधा असते. ती शेवटच्या तीन होलवर आठवली, तर सर्वांत कच्च्या खेळाडूच्या झाडीतल्या चेंडूवरून खेळावं लागतं. म्हणून सोप्या, रुंद होलवर त्यांचे फटके आधीच वापरून टाकावेत. दुसरं ग्रीनवरचं. पहिल्याचा पट वीतभर अंतरावर थांबला आणि त्याने सवयीने चेंडू आत ढकलला, तर अनेक ठिकाणी होल तिथेच संपलं असं धरतात आणि उरलेल्या तिघांची संधी जाते. चुकला तर चेंडू उचला.

पुढच्या स्पर्धेला जाल तेव्हा पहिल्या टीवर पाऊल ठेवण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: हँडिकॅपचे टक्के किती, टीच्या फटक्यांची अट काय, आणि चेंडू किती अंतरात ठेवायचा. खेळ संपल्यावर विचारलंत, तर त्याला तक्रार म्हणतात.