तेलाची पाण्यातली वाट : पित्तक्षार, मायसेल आणि चरबीचे शोषण

फोडणीसाठी वापरलेले एक मोठा चमचाभर शेंगदाणा तेल सुमारे १४ ग्रॅम भरते. त्यातील जवळजवळ सगळा भाग ट्रायग्लिसराइडचा असतो, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या लांब साखळ्या. असा रेणू पाण्यात विरघळत नाही आणि आतड्याच्या पेशीत सबंध शिरूही शकत नाही. आतड्यात मात्र सगळा व्यवहार पाण्यातच चालतो. पाचक रस पाण्याचे असतात, पेशींवर पाण्याचा थर असतो. तरीही निरोगी माणूस दिवसाकाठी १०० ग्रॅम चरबी खातो तेव्हा विष्ठेतून ७ ग्रॅमपेक्षा कमीच बाहेर पडते. हे घडते ते यकृतात तयार होणाऱ्या पित्तक्षारांमुळे.

येथे शब्दाचा एक घोटाळा दूर करायला हवा. ‘पित्त झाले’ असे मराठीत म्हटले जाते तेव्हा बोलणे बहुधा जठरातील आम्लाविषयी असते, आणि पित्तावरच्या गोळ्याही त्या आम्लावरच चालतात. शरीरशास्त्रातील पित्त म्हणजे यकृतात बनणारा पिवळसर हिरवा, कडू रस. हा रस दिवसाला अर्धा ते एक लिटर तयार होतो. दोन जेवणांच्या मधल्या वेळात तो पित्ताशयात साठतो आणि तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन दाट होतो. जेवणातील चरबी लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये, पोहोचली की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याने पित्ताशय आकुंचन पावते, पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली झडप सैलावते आणि दाट पित्त अन्नावर ओतले जाते. हेच संप्रेरक स्वादुपिंडालाही पाचक रस सोडायला लावते.

चरबी पचवण्याचे श्रेय यकृताचे की स्वादुपिंडाचे, हा एकोणिसाव्या शतकात खरा वादाचा प्रश्न होता. फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार याने सशाच्या रचनेचा उपयोग करून घेतला. सशात पित्तनलिका जठराजवळच उघडते, पण स्वादुपिंडाची नलिका तिच्या बरीच खाली उघडते. चरबी खाऊ घातलेल्या सशाचे पोट उघडले असता, आतड्यातून निघणाऱ्या लसिकावाहिन्या स्वादुपिंडाची नलिका जेथे उघडते त्या जागेखालीच दुधाळ दिसल्या. त्यावरून त्याने स्वादुपिंडाच्या बाजूने कौल दिला. पुढे आल्बेर दास्त्र याने कुत्र्यावर उलटा प्रयोग केला. त्याने पित्ताची नेहमीची वाट बंद करून ते आतड्यात बरेच खाली सोडले, आणि आता वाहिन्या पित्त मिळते त्या जागेखालीच पांढऱ्या दिसू लागल्या. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले की उत्तर मिळते. कोणताही एक रस एकटा पुरत नाही.

पित्तक्षाराचा रेणू यकृत कोलेस्टेरॉलपासून घडवते. साबणाच्या रेणूला पाण्यात रमणारे डोके आणि तेलात रमणारी लांब शेपटी असते. पित्तक्षाराची घडण तशी नाही. तो चार वलयांचा ताठ, किंचित बाकदार तुकडा असतो, छपरावरच्या कौलासारखा. कोलिक आम्लात कौलाच्या खोलगट बाजूला पाण्याला ओढणारे तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि फुगीर बाजू पाणी टाळणारी असते. यकृत या रेणूला शेवटी ग्लायसिन किंवा टॉरीन हे छोटे रेणू जोडते. या जोडणीमुळे आतड्याच्या सौम्य आम्लतेतही रेणूवरचा विद्युतभार टिकून राहतो, तो पाण्यात विरघळलेला राहतो आणि वरच्या आतड्याच्या भिंतीतून फारसा निसटत नाही. काम संपेपर्यंत पित्तक्षार कामाच्या जागीच राहतात ते यामुळे.

पहिले काम तेल फोडण्याचे. जठरातील घुसळणीने तेलाचे थेंब बारीक झालेले असतात. पित्तक्षार आणि पित्तातील लेसिथिन त्या थेंबांवर पसरतात आणि ते पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. थेंब जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा, आणि स्वादुपिंडाचे लायपेज हे विकर तेल आणि पाणी भेटतात त्या सीमेवरच काम करते. पण इथे एक अडचण येते. पृष्ठभाग पित्तक्षारांनी व्यापला की तेच लायपेजला तेथून ढकलून देतात. म्हणून स्वादुपिंड कोलायपेज हे छोटे प्रथिनही पाठवते. ते पित्तक्षारांनी भरलेल्या पृष्ठभागावरही बसू शकते आणि लायपेजला तेथे नांगरून ठेवते. मग लायपेज ट्रायग्लिसराइडची दोन टोकांची मेदाम्ले तोडते. उरते मधल्या मेदाम्लाला धरून असलेले मोनोग्लिसराइड आणि दोन सुटी मेदाम्ले.

हे तुकडे ट्रायग्लिसराइडपेक्षा पाण्याशी थोडे जास्त जुळवून घेतात, तरी मोठ्या प्रमाणात विरघळण्याइतके नाही. येथे मायसेल कामी येतात. पित्तक्षारांचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेखाली असते तोवर त्यांचे रेणू पाण्यात सुटे फिरतात. ती मर्यादा ओलांडली की ते आपोआप गोळा होतात, पाणी टाळणारी बाजू आत आणि पाणी आवडणारी बाहेर. मेदाम्ले, मोनोग्लिसराइड, लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे या गोळ्यात सामावतात. असा मिश्र मायसेल जेमतेम काही नॅनोमीटर व्यासाचा असतो. तेलाचा एक मायक्रोमीटरचा थेंब त्याच्या शेकडो पट रुंद भरेल. म्हणूनच थेंबांचे मिश्रण दुधासारखे गढूळ दिसते आणि मायसेलांचे द्रावण जवळजवळ नितळ.

माणसाच्या आतड्यात हे खरोखर घडते, हे स्वीडनमधील बेंग्ट बोर्गस्ट्रॉम आणि त्यांच्याकडे काम करणारे अमेरिकी डॉक्टर अॅलन हॉफमन यांनी दाखवले. चरबीयुक्त जेवणानंतर नळीने आतड्यातील द्रव काढून त्यांनी तो अतिवेगवान अपकेंद्री यंत्रात फिरवला. वर तेलाचा थर आला, त्यात मुख्यतः न तुटलेली किंवा अर्धवट तुटलेली चरबी होती. खाली स्वच्छ पाण्याचा थर राहिला, आणि त्यात मेदाम्ले व मोनोग्लिसराइड पित्तक्षारांसह सापडली. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर चरबीच्या पचनाचे आजचे चित्र पक्के झाले.

आतड्याच्या पेशींना लागून पाण्याचा असा एक थर असतो की तो घुसळला जात नाही. मोठा थेंब त्यातून पार होत नाही आणि सुटी मेदाम्ले फार थोडी विरघळतात. मायसेल मात्र त्यातून सरकत पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. तेथे मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड त्यातून सुटून पेशीत शिरतात. मायसेल सबंध आत जात नाही. पित्तक्षार आतड्याच्या पोकळीतच राहतात आणि पुढचा माल उचलतात. पेशीच्या आत तुकडे पुन्हा जोडून ट्रायग्लिसराइड तयार होते, त्याला प्रथिनाचे वेष्टन मिळून कायलोमायक्रॉन नावाचे कण बनतात आणि ते लसिकावाहिन्यांत जातात. बेर्नारला दिसलेला दुधाळ रंग याच कणांचा होता.

माल उतरवून झालेले पित्तक्षार लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, शेषांत्रात, पोहोचतात. डॉक्टर त्याला इलियम म्हणतात. तेथील पेशींवर पित्तक्षार ओढून घेणारी खास वाहक प्रथिने असतात. ती जवळजवळ सगळे क्षार परत रक्तात घेतात, यकृत ते रक्तातून टिपते आणि पुन्हा पित्तात सोडते. शरीरातील पित्तक्षारांचा एकूण साठा ढोबळमानाने ३ ग्रॅमचा. हाच साठा दिवसातून आठ वेळा फिरला, तर आतड्याला २४ ग्रॅमचे काम मिळते. रोज विष्ठेतून अर्धा ग्रॅमच्या आसपास निसटते आणि यकृत नेमके तेवढेच नवे बनवते. इतक्या काटकसरीच्या व्यवस्थेत परतीची वाट तुटली की काय होते, ते शस्त्रक्रियेनंतर दिसते.

भारतात आतड्याचा क्षयरोग बहुतेकदा शेषांत्राच्या टोकालाच धरतो. औषधांनी तो बरा होतो, पण आतडे आकसून वाट बंद झाली तर तो भाग कापून काढावा लागतो. अशा दोन रुग्णांची तुलना करून पाहता येते. पहिल्याचे ६० सेंटिमीटर शेषांत्र काढले, दुसऱ्याचे १५०. दोघेही काही आठवड्यांनी पातळ जुलाबांची तक्रार घेऊन येतात.

पहिल्याच्या शरीरातून पित्तक्षार वाजवीपेक्षा जास्त निसटतात, पण यकृत निर्मिती वाढवून तूट भरून काढते. आतड्यात मायसेल पुरेसे बनतात आणि चरबी शोषली जाते. जुलाब होतात ते मोठ्या आतड्यात पोहोचलेल्या पित्तक्षारांमुळे, कारण ते तेथील भिंतीला पाणी आणि क्षार सोडायला लावतात. कोलेस्टायरामिनची भुकटी आतड्यातील पित्तक्षार बांधून ठेवते, आणि याचे जुलाब थांबतात.

दुसऱ्याची तूट इतकी मोठी असते की यकृताने निर्मिती कित्येक पटींनी वाढवली तरी ती भरत नाही. रात्रभरात जमलेला साठा सकाळच्या न्याहारीला कसाबसा पुरतो. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी पित्तक्षारांचे प्रमाण मायसेल बनण्याच्या मर्यादेखाली घसरते. चरबी तुटते, पण वाहून न्यायला कोणी नसते. शौच फिकट, चिकट, उग्र वासाचे आणि भांड्याला धरून बसणारे होते. ते पाण्यावर तरंगते की नाही यावरून निष्कर्ष काढू नये, कारण तरंगणे बहुधा त्यातील वायूमुळे असते. खात्री करायची तर रोज १०० ग्रॅम चरबीचा आहार देऊन तीन दिवसांची विष्ठा तपासतात, आणि दिवसाला ७ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी निघाली तर दोष नक्की होतो. या रुग्णाला तीच भुकटी दिली तर उरलेसुरले पित्तक्षारही बांधले जाऊन चरबी आणखी वाया जाते. त्याला आहारातली नेहमीची चरबी कमी करून मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल देतात. ती मेदाम्ले पाण्यात जास्त विरघळतात, मायसेलवाचूनही बरीचशी शोषली जातात आणि थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात.

पित्तक्षारांच्या अभावी चरबीचे शोषण शून्यावर येत नाही. पित्त आतड्यात अजिबात पोहोचत नसले तरी निम्म्याहून अधिक चरबी शोषली जाऊ शकते. खरा फटका अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांना बसतो, कारण त्यांची भिस्त जवळजवळ पूर्णपणे मायसेलांवर असते. के जीवनसत्त्वाचा साठा शरीरात सर्वांत कमी टिकतो, म्हणून पित्तनलिका तुंबून झालेल्या काविळीत रक्त गोठायला वेळ लागू लागतो. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यावर ही वेळ सुधारली तर बिघाड शोषणाचा आहे, आणि नाही सुधारली तर यकृताच्याच पेशी निकामी होत असल्याची शंका घ्यावी लागते. दुसऱ्या रुग्णात एक अनपेक्षित त्रासही संभवतो. न शोषलेली मेदाम्ले आतड्यातील कॅल्शियम अडकवतात, मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडे होतात. ब१२ जीवनसत्त्वही शेषांत्राच्या टोकालाच शोषले जाते, त्यामुळे त्याची इंजेक्शने बहुधा कायमची चालू ठेवावी लागतात.

एकाच भुकटीने एका रुग्णाचे भले होते आणि दुसऱ्याचे नुकसान. सीमारेषा साधारण १०० सेंटिमीटरची मानतात. म्हणून आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्याने नेमका कोणता भाग आणि किती सेंटिमीटर काढला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि तो कागद जन्मभर जपावा.