अपुऱ्या झोपेची नाडीतली नोंद

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणारी एखादी शिक्षिका डोळ्यांसमोर आणा. वय चाळिशीच्या पुढे, तब्येत चांगली, कुठलेही औषध चालू नाही. रात्री अकराला झोपायचे आणि सकाळी सहाला उठायचे, हा रोजचा क्रम. अंथरुणातून उठण्याआधी तिने नाडी मोजली, तर ती मिनिटाला ६१च्या आसपास भरते. एके रात्री गठ्ठा संपवायचाच म्हणून ती दोनपर्यंत जागते, गजर मात्र सहालाच होतो. त्या सकाळी नाडी ६६ भरते. ताप नाही, धावपळ झालेली नाही, अजून चहासुद्धा घेतलेला नाही. मग हे पाच ठोके आले कुठून?

हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. प्रत्येक ठोका तिथून सुरू होतो. या पुंजक्याला त्याच्या मर्जीवर सोडले, तर चाळिशीतल्या माणसाचे हृदय बसल्या जागी मिनिटाला ९५ ते १००च्या आसपास ठोके देईल. हृदयरोपण झालेल्या रुग्णांत हे दिसतेही. नवे हृदय बसवताना त्याच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे विश्रांतीतही त्याची गती बहुधा ९०च्या वर राहते. म्हणजे आपली सकाळची साठ-बासष्टची नाडी ही हृदयाची मूळ गती नव्हे. कोणीतरी सतत ब्रेक दाबून धरलेला असतो, म्हणून ती तेवढी खाली असते. तो ब्रेक म्हणजे मेंदूच्या तळापासून मानेतून खाली उतरणारी व्हेगस नस. तिच्या उलट काम करणाऱ्या सिम्पथेटिक नसा हृदयाची गती वाढवतात.

व्हेगस हृदयाला कशी थांबवते, हे ऑटो लोवी यांनी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात दाखवले. त्यांनी बेडकांची दोन हृदये वेगवेगळ्या द्रवात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगसला विजेने चेतवले, तेव्हा ते मंदावले. मग त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावले. नसेतून काहीतरी रसायन बाहेर पडते, हे त्यामुळे सिद्ध झाले. त्या रसायनाला आज आपण ॲसिटिलकोलीन म्हणतो. १९२१ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि १९३६मध्ये लोवींना त्यासाठी नोबेल मिळाले. या प्रयोगाची कल्पना आपल्याला रात्री झोपेत सुचली आणि पहाटे तीनला उठून आपण थेट प्रयोगशाळा गाठली, असे ते सांगत. झोप आणि व्हेगस यांची गाठ अशी प्रयोगाच्या गोष्टीतही पडलेली आहे.

या ॲसिटिलकोलीनचा एक गुण आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. ते झपाट्याने काम करते आणि तितक्याच झपाट्याने नाहीसे होते. व्हेगसचा परिणाम अगदी पुढच्याच ठोक्यावर दिसू शकतो. सिम्पथेटिक नसांचा परिणाम चढायला आणि उतरायला मात्र कित्येक सेकंद लागतात. त्यामुळे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतच्या अंतरात जो बारीक फरक पडत राहतो, तो मुख्यतः व्हेगसचा असतो. मनगटावर बोटे ठेवून सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. निरोगी हृदय घड्याळासारखे ठोके देत नाही, ते श्वासागणिक थोडे मागेपुढे होते. या मागेपुढे होण्यालाच हृदयगतीची चंचलता म्हणतात. मनगटी घड्याळांच्या ॲपवर ती एचआरव्ही नावाने दिसते.

ती मोजतात कशी, हे शिक्षिकेच्याच उदाहरणावरून पाहू. नेहमीच्या सकाळी तिच्या लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे मिलिसेकंदांत अशी आहेत असे समजा: ९८०, १०३०, ९९०, ९२०, ९६०, १०१५. यांची सरासरी साधारण ९८२, म्हणजे मिनिटाला ६१ ठोके. आता प्रत्येक अंतर आधीच्या अंतरापेक्षा किती बदलले, ते पाहायचे. ५०, ४०, ७०, ४० आणि ५५. या आकड्यांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. उत्तर येते सुमारे ५२ मिलिसेकंद.

जागरणानंतरच्या सकाळी अंतरे अशी: ९१०, ९२५, ९००, ८८५, ९०५, ९३०. सरासरी ९०९, म्हणजे नाडी ६६. फरक मात्र फक्त १५, २५, १५, २० आणि २५. तीच आकडेमोड केली, तर उत्तर सुमारे २० येते. नाडी जेमतेम आठ टक्क्यांनी वाढली, पण चंचलता निम्म्याहून खाली आली. हे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्षात निदान एक मिनिटाची, शक्यतो पाच मिनिटांची नोंद लागते आणि फरक इतका मोठा असेलच असे नाही. दिशा मात्र हीच असते. ब्रेक सैल झाला, की ठोके जवळ येतात आणि एकसारखेही होतात.

रात्रीत नेमके काय बिघडले? शांत झोपेत, विशेषतः गाढ झोपेच्या टप्प्यात, व्हेगसचा अंमल चालतो. नाडी उतरते आणि रक्तदाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. स्वप्नांच्या टप्प्यात सिम्पथेटिक नसा मधूनमधून उसळी घेतात. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात येतो, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. दोनला झोपणाऱ्याचा मेंदू आधी गाढ झोपच भरून घेतो. कापली जाते ती नंतरची हलकी झोप आणि स्वप्नांची झोप. त्यामुळे ‘गाढ झोप गेली म्हणून नाडी वाढली’ हे सरळ उत्तर इथे पुरत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्या ज्या तासांत उतरलेल्या दाबावर विसावतात, ते तासच तीनने कमी झाले. त्या तीन तासांत शिक्षिका दिव्याखाली ताठ बसून आकड्यांची बेरीज करत होती, म्हणजे सिम्पथेटिक नसा कामावर होत्या. सकाळी तोच कल काही प्रमाणात शिल्लक राहतो. कमी झोपेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळीही नेहमीइतकी खाली येत नाही, त्यामुळे परिणाम दिवसभर रेंगाळतो.

हा अनुभव खऱ्या कामाच्या धबडग्यात तपासला गेला आहे. जपानमधल्या संशोधकांनी १९९६ साली निरोगी पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक दिवस नेहमीच्या सुमारे आठ तासांच्या झोपेनंतरचा आणि एक दिवस ओव्हरटाइममुळे जेमतेम साडेतीन तास झोप मिळाल्यानंतरचा, अशी त्यांची तुलना केली. कमी झोपेच्या दिवशी रक्तदाब आणि हृदयाची गती दोन्ही वाढलेली दिसली. ठोक्यांच्या नोंदीतही कल सिम्पथेटिककडे झुकलेला होता.

सगळे अभ्यास मात्र एका सुरात बोलत नाहीत, आणि हे वाचकांना सांगितलेच पाहिजे. २००० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांना अख्खी रात्र जागवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा रक्तदाब वाढला, नाडी मात्र वाढली नाही, आणि स्नायूंकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांची हालचाल उलट कमी झाली. रक्तदाब वाढला, की गळ्यातले दाब ओळखणारे संवेदक नाडीला आवर घालतात, हे त्यामागचे एक कारण असू शकते. अख्खे जागरण आणि अर्धी झोप या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय काहींची नाडी एका जागरणाने हलतच नाही, काहींची सात-आठ ठोक्यांनी चढते. माझे मत असे, की एका सकाळच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. स्वतःची दोन आठवड्यांची सरासरी हाताशी असेल, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

ती घरी काढता येते. जाग आल्यावर लघवीला जाऊन यावे आणि परत पाच मिनिटे पडून राहावे. चहा, मोबाइल आणि बोलणे तेवढा वेळ बाजूला ठेवावे. मग अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले, तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि आपण शोधतोय तो फरकच पाचाचा आहे. वहीत नाडीशेजारी झोपेचे तास लिहावेत. आदल्या रात्रीचे उशिराचे जेवण, दारू, कडक व्यायाम, सर्दी-ताप, उकाडा यांचीही नोंद करावी, कारण यातले प्रत्येक कारण झोप पुरेशी असतानाही नाडी चढवते. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात ती दोन-तीन ठोक्यांनी वर असते.

चंचलता मात्र बोटांनी मोजता येत नाही, आणि घड्याळावर डोळे झाकून विश्वास टाकण्यातही धोका आहे. घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताची लाट पाहते. हात हलला आणि एक ठोका निसटला, तर ९००चे अंतर १८०० होते. वरच्या हिशेबात असे एकच चुकीचे अंतर मध्ये घुसले, तर उत्तर २०वरून थेट ५५०च्या पुढे जाते. म्हणून अचानक फार चांगला आकडा दिसला, तर आनंदापेक्षा शंका बरी. हृदयाची लय खरोखरच बिघडलेली असेल, उदाहरणार्थ एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, तर चंचलतेचा आकडा मोठा दिसतो आणि तो आरोग्याचा नसून आजाराचा असतो. वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळे वेगवेगळ्या सूत्रांनी हिशेब करतात, तेव्हा आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी लावून पाहण्यात अर्थ नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधानेच खाली असते. जुन्या मधुमेहात नसांना इजा झालेली असेल, तर चंचलता आधीपासूनच कमी असते. अशा वेळी या आकड्यांवरून झोपेचा अंदाज बांधता येत नाही.

एका रात्रीच्या कमी झोपेने चढलेली नाडी निरोगी माणसात एक-दोन रात्री पुरेशी झोप मिळाली, की बहुधा पूर्वपदावर येते. पण सात-आठ तास झोपूनही सकाळची नाडी आठवडाभर नेहमीपेक्षा वर राहत असेल, घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, दिवसा डुलकी आवरत नसेल, तर झोपेचे तास मोजत बसू नका. झोपेत श्वास अडण्याचा आजार असू शकतो. त्यात रात्रभर पुन्हा पुन्हा झोप मोडते आणि माणसाला ते कळतही नाही. विश्रांतीतली नाडी सतत शंभरच्या वर असेल, ठोके अनियमित लागत असतील, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. नोंदींची वही सोबत न्या. दोन आठवड्यांचे आकडे आणि त्यांच्या शेजारी लिहिलेले झोपेचे तास डॉक्टरांच्या खरोखर उपयोगी पडतात.